फोटोत कपाळ नव्हतं

माझी जीभ तिखट आहे. कळंबला आमच्या घरी लहानपणापासून हे ऐकत आले, आणि घाटंजी तालुक्यात नर्स म्हणून बारा वर्षं काढल्यावर तर ते सगळ्या उपकेंद्राला माहीत झालं. ‘सत्यशीला सिस्टर बोलते म्हणजे फोडणी देते’ असं आमचा आरोग्यसेवक इंद्रजित म्हणायचा. मला त्याचा राग नव्हता. उलट थोडा गर्वच होता. गोड बोलून गावात कोणी लस घेत नाही, गोळ्या खात नाही, दवाखान्यात येत नाही. आज मात्र वाटतं, त्या जिभेनं एक काम असं केलं की त्याचं पाप फिटायचं नाही.

आमच्या उपकेंद्राखाली एक बंजारा तांडा येतो. तिथली आशा कार्यकर्ती पुष्पा. वय सव्वीस, नववी शिकलेली, कामाला चोख, स्वभावानं भित्री. गरोदर बाईला दोन उलट्या झाल्या की हिचा मला फोन. आदल्या हिवाळ्यात तिनं असाच एक गोंधळ घातला होता. तांड्यावरची नलू, एकोणीस वर्षांची पोरगी, सकाळी उठली तर अर्धं तोंड लुळं. पाणी प्यायला गेली की ओठातून गळायचं. पुष्पानं मला न विचारता १०८ ची गाडी बोलावली, मलाही त्यात बसवलं, आणि आम्ही यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो.

तिथल्या तरुण डॉक्टरनं नलूला म्हटलं, “वर बघ आणि कपाळाला आठ्या घाल.” डाव्या अर्ध्या कपाळावर आठ्या पडल्या, उजवं अर्धं कपाळ सपाट. “डोळे घट्ट मीट.” डावा मिटला, उजवा उघडाच, आतलं पांढरं दिसत राहिलं. मग त्यानं दोन्ही हात समोर धरायला लावले, चालवून पाहिलं, बोलायला लावलं. सगळं ठीक. कानामागे दोन दिवस दुखत होतं, हेही तिनं सांगितलं.

“ही चेहऱ्याची नस सुजलीय सिस्टर, मेंदूचं काही नाही,” डॉक्टर म्हणाला. “या नसेवर कपाळही असतं, डोळाही असतो आणि ओठही, म्हणून तिन्ही गेले. मेंदूचा झटका असता तर बहुतेक कपाळ शाबूत राहिलं असतं, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंनी दोऱ्या येतात. एक तुटली तरी दुसरी ओढते. खाली ओठ तेवढा लटकतो. पण हे इथे बसून सांगतोय मी. तुम्हाला गावात शंका आली तर झटकाच समजायचं आणि आणायचं.”

गोळ्या दिल्या, डोळ्याला रात्री पट्टी लावायला सांगितलं, आणि तीन आठवड्यांत नलू पूर्वीसारखी हसायला लागली. मी मात्र महिनाभर इंद्रजितची थट्टा ऐकत होते. “सिस्टर, आता शिंकेसाठी हेलिकॉप्टर बोलावू का?” त्या रागात मी पुष्पाला सगळ्या आशांच्या बैठकीत झापलं.

“याच्यापुढं काही झालं त आधी मले फोटो पाठवाचा. मी पाहीन, मंग गाडी. तुह्या घाबरण्यावर सरकारनं डिझेल जाळाचं का?”

सगळ्या हसल्या. पुष्पा मान खाली घालून वहीत लिहीत होती. तिनं तो नियम शब्दशः लिहून घेतला होता, हे मला नंतर कळलं.

डॉक्टरच्या बोलण्यातलं कपाळाचं मी पक्कं लक्षात ठेवलं होतं. ते सांगायला मला आवडायचं, बैठकीत मी दोनदा सांगितलंही. शेवटचं वाक्य, शंका आली तर आणायचं, ते कुठे सांडलं कोण जाणे. हुशारीचं तेवढं घेतलं आणि शहाणपणाचं ठेवून आले.

पुढच्या वर्षीचा नोव्हेंबर. ते साल जिल्ह्याला फार वाईट गेलं. बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि फवारणीच्या विषानं माणसं दवाखान्यात गेली. आम्ही महिनाभर घरोघरी फिरून फवारणाऱ्यांच्या याद्या करत होतो, आणि त्यात नेहमीचं लसीकरण चुकवायचं नाही असा वरून हुकूम. नाकी नऊ आले होते. त्या बुधवारी मी तांड्यापासून सहा किलोमीटरवरच्या गावी अंगणवाडीत लसीकरणाला बसले होते. एक पोर मांडीवर किंचाळत होतं, बाहेर अकरा आया रांगेत. नऊ वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. पुष्पाचा फोटो आणि खाली मजकूर:

‘सिस्टर रामीकाकीचं तोंड वाकडं झालं. देवीलालची जीप उभी हाय. यवतमाळले नेऊ का?’

रामीबाई म्हणजे नलूची आई. पंचावन्नच्या आसपासची. वेचणीला जाणाऱ्या बायांची ती पुढारी, देवीलालच्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा तिची. बोलण्यात माझ्यावर ताण. आणि तांड्यावर मुलगी सासरी निघताना रडत रडत जे गाणं म्हणतात, ढावलो, ते शिकायला आजूबाजूच्या चार तांड्यांतल्या नवऱ्या मुली रामीबाईकडे येत. मुलगी एक ओळ म्हणते, गळ्यात पडलेली आई पुढची. माघात नलूचं लग्न होतं, आणि या खेपेला शिकवणारी तीच आणि उत्तर देणारी आईही तीच.

मी फोटो पाहिला. किती वेळ पाहिला, हे मी नंतर स्वतःला खूपदा विचारलंय. पोराच्या दंडावर कापूस दाबून धरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा. खाटेवर बसलेली रामीबाई, तोंडाचा उजवा कोपरा खाली आलेला. वर्षभरापूर्वी लेकीचं उजवं तोंड, आता आईचं उजवं. माझ्या डोक्यात लगेच जुळलं: घरातलंच दुखणं. डाव्या अंगठ्यानं मी लिहिलं:

‘नलूसारखंच आहे. घाबरू नको. जीप जाऊ दे. डोळ्याला पट्टी लाव, उद्या ओपीडीत आण.’

फोन पिशवीत टाकला आणि पुढच्या बाईला हाक मारली. बसल्या जागी उंटावरून शेळ्या हाकल्या आणि मनात म्हटलं, चला, पुष्पा सुधारली.

सगळं आटोपून लसीचा डबा बंद केला तेव्हा पावणेएक झाला होता. आत रेंज येते नि जाते. बाहेर निंबाखाली उभी राहिले तशी पुष्पाचे अडकलेले दोन मजकूर एकदम आले. पहिला नऊ वीसचा होता:

‘सिस्टर पन काकीचा डोया त बरोबर मिटते. पट्टी कायले लावू?’

दुसरा दहा वाजताचा. ‘काकी कायबी बोलून राह्यली. समजत नाई.’

मी फोटो पुन्हा उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. सकाळचं ऊन समोरून तोंडावर होतं. रामीबाईनं उन्हाकडे डोळे बारीक केले होते. दोन्ही. अगदी सारखे. नलूचा डोळा उन्हातसुद्धा सताड उघडा राहायचा, म्हणून तर तिला पट्टी दिली होती. मग कपाळ पाहायला गेले, तर फोटोत कपाळ नव्हतंच. घुंगट भुवयांपर्यंत ओढलेला. खाटेच्या मागे एका माणसाचं धोतर आणि काठी दिसत होती, तो तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर, तांड्याचा नायक भावसिंग. जेठासमोर कपाळ उघडं टाकून बाई बसत नाही, आणि सुनेच्या वयाची पुष्पा तिला घुंगट मागे घे म्हणूच शकत नव्हती. मला हे बारा वर्षांपासून माहीत होतं. मी ज्या कपाळाबद्दल बैठकीत भाषण दिलं, ते फोटोत नाही एवढंही मी पाहिलं नव्हतं. आणि समजा असतं, तरी एका फोटोवरून आठ्या पडतात की नाही हे कोणाला कळणार? एक फोन करून चार प्रश्न विचारले असते तर आंधळ्यालाही कळलं असतं.

ते चार प्रश्न मी पावणेएकला विचारले.

“पुष्पा, काकूले दोन्ही हात समोर उचलाले सांग.”

थोडा वेळ गेला. “डावा उचलला सिस्टर. उजवा उठतच नाई.”

“नाव विचार तिले तिचं.”

पलीकडून रामीबाईचा आवाज आला, नावाऐवजी नुसता होकार. “हाव. हाव हाव.”

“सकाळी शेवटची चांगली कधी होती? नीट आठवून सांग.”

“साडेआठले बोअरिंगवर माह्यासंगं भांडली ना. बादलीवरून. चांगली बोलत होती. मंग जीपमंदी चढताना हातातली झोळी पडली आन् तोंड फिरलं.”

साडेआठ. नलूच्या वेळी त्याच डॉक्टरनं बोलता बोलता सांगितलं होतं की मेंदूच्या नळीत रक्ताची गाठ अडकली तर ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण साडेचार तासांच्या आत, आणि तेही आधी सीटी काढून, कारण गाठ नसून रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जीव घेतं. साडेआठ आणि साडेचार म्हणजे एक. घड्याळात बारा अठ्ठेचाळीस झाले होते आणि यवतमाळ तांड्यापासून सव्वा-दीड तास. सकाळी जीप उभी असताना निघाले असते तर साडेदहाला दारात. हा हिशेब लावायला मला शाळा लागली नाही. मी निंबाच्या पारावर बसले, आणि बसायला वेळ नाही म्हणून लगेच उठले.

१०८ पांढरकवड्याच्या बाजूला गेलेली. देवीलाल बाया सोडून नदीपलीकडच्या शेतात. इंद्रजितच्या मोटरसायकलवर मी तांडा गाठला, तोवर देवीलालही पोचला. वाटेत इंद्रजित म्हणाला, “सिस्टर, रक्त पातळ व्हायची गोळी देऊन टाकू का?” मी ओरडले, “तोंडात पाणीसुद्धा नको.” आत गाठ आहे की रक्त, हे कोणाला माहीत, आणि सकाळी बायांनी पाजलेल्या चहानं तिला ठसका लागला होता. साखर पाहिली, ठीक होती. रक्तदाब एकशे नव्वद. रामीबाई माझ्या रजिस्टरमध्ये रक्तदाबाची पेशंट म्हणून होती, माझ्याच अक्षरात. तेही मला सकाळी आठवलं नव्हतं.

जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डाव्या हातानं ती माझी साडी ओढत होती आणि माझ्याकडे बघून काहीतरी विचारत होती. शब्द एकच निघत होता, हाव. तिचा नवरा लखीराम समोर बसला होता, सबंध रस्ता त्यानं तिचं पाऊल हातात धरून ठेवलं. मुका माणूस म्हणावा इतका कमी बोलणारा. घरात बोलायचं काम बायकोचं होतं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. सीटी लगेच झालं, पंधरा मिनिटांत. या वेळी डॉक्टरीण होती, मोठ्या वयाची. पडद्यावरच्या डाव्या भागावर तिनं पेन ठेवलं.

“रक्तस्राव नाही. गाठच आहे. इथे बोलण्याचं आणि उजव्या हाताचं केंद्र, बराच भाग काळवंडलाय. शेवटची चांगली कधी होती?”

“साडेआठ,” मी म्हणाले.

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पेन खिशाला लावलं. “आता इंजेक्शन दिलं तर मेलेल्या भागात रक्त उतरेल. नाही देता येणार. मिनिटाला वीस-वीस लाख पेशी जातात यात. वेळेत दिलं की सगळेच बरे होतात असं नाही, पण हिचं जास्त वाचलं असतं. साडेआठला झालं, मग सहा तास कुठे होतात तुम्ही?”

प्रश्न लखीरामला होता. त्याच्याशेजारी मी उभी होते, पांढऱ्या साडीत, गळ्यात ओळखपत्र. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. टोपी हातात घेतली आणि म्हणाला, “गाडी भेटली नाई साहेब.”

मी तोंड उघडलं नाही. तिखट जीभ, फोडणीची जीभ, टाळ्याला चिकटून राहिली. डॉक्टरीण मान हलवत म्हणाली, “खेड्यात हेच होतं,” आणि कागदावर लिहिलं: वाहन उपलब्ध नव्हतं. मी ते वाक्य तिच्या खांद्यावरून वाचलं. तेव्हाही एवढंच म्हणायचं होतं की गाडी होती, मी परत पाठवली. नोकरी डोळ्यांसमोर आली. बारा वर्षं आली. मी गप्प राहिले, याची मला चुकीपेक्षा जास्त लाज वाटते. चूक घाईत झाली, गप्प मी नीट विचार करून राहिले.

पुढच्या बैठकीत मी आशांना नवा नियम सांगितला. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं, यातलं काहीही अचानक दिसलं तर घड्याळ पाहायचं, शेवटची चांगली वेळ हातावर लिहायची आणि गाडी बोलवायची. मला फोटो पाठवायचा नाही, मला विचारायचंही नाही. नसेचं दुखणं निघालं तर डिझेल जळू दे. एकीनं विचारलं, नियम काहून बदलला? मी म्हणाले, वरून आलाय. पुष्पा वहीत लिहीत होती. तिनं वर पाहिलं नाही.

माघात नलूचं लग्न झालं. मी जायचं टाळणार होते, पण पुष्पा स्वतः बोलवायला आली. रामीबाई आता काठी घेऊन चालत होती, उजवा हात पोटाशी घडी केल्यासारखा. तांड्यावरच्या बायांना वेगळीच आशा होती. दवाखान्यात कोणीतरी सांगितलं होतं की बोलणं गेलेल्या माणसाला कधी कधी गाता येतं, गाणं मेंदूच्या दुसऱ्या बाजूला असतं. त्यामुळे बिदाईच्या वेळी सगळ्या बाया तिच्याभोवती गोळा झाल्या.

नलू आईच्या गळ्यात पडली आणि तिनं पहिली ओळ म्हटली. तिला ती नीट येत नव्हती, शिकवणारीच अर्ध्यावर राहिली होती. मग ती थांबली. रामीबाईनं तोंड उघडलं आणि सूर आला. अगदी बरोबर, जिथे चढायचा तिथे चढला, जिथे रडायचा तिथे तुटला. शब्द आले नाहीत. सगळ्या ओळीभर फक्त हाव, हाव, हाव. आपल्याला काय म्हणायचंय हे तिला माहीत होतं, आणि ते निघत नाहीये हेही तिला कळत होतं, कारण मध्येच ती थांबली आणि डाव्या हातानं स्वतःच्या तोंडावर मारायला लागली. नलूनं तो हात धरला. दोघी तशाच उभ्या राहिल्या. मी रडले. मला रडायचा अधिकार नव्हता, तरी रडले.

वरात गेल्यावर मी लखीरामला गाठलं. तो मांडवाचे दोर सोडत होता.

“लखीरामभाऊ, एक सांगाचं आहे. त्या दिवशी गाडी भेटली होती. जीप उभी होती. मी जाऊ नोका म्हटलं. चूक माही होती. मी तिथं बोलली नाई.”

त्यानं दोर सोडणं थांबवलं नाही. “मालूम हाय सिस्टर. पुष्पानं तवाच वाचून दाखवलं होतं. डाक्टरीणबाईनं टाइमाचं सांगतलं तवा सारं समजलं.”

“मंग तुमी खोटं काहून बोलले?”

त्यानं दोराची गुंडाळी केली, काखेत घातली, मग माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग शोधला मी. असता तर मला बरं वाटलं असतं.

“खरं बोललो असतो त तुमाले इथून काढलं असतं,” तो म्हणाला. “मंग तांड्यावर कोन आलं असतं? दुसरं कोनी येत नाई ना इकडं. रामीचं त जाचं ते गेलं. आता सुनेले सातवा महिना हाय. तुमाले नाराज करून आमाले जमते का?”

एवढं बोलून त्यानं कोणाला तरी माझ्यासाठी जेवण वाढायला सांगितलं.